तिसऱ्या सळईचं समर्थन होत नाही

मूत्रमार्ग आकसून लघवीची धार बारीक झालेल्या पुरुषाला आपल्याकडे सर्रास एकच सल्ला मिळतो: सळई टाकून घ्या, पुन्हा आकसला तर पुन्हा टाकू. या मताच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. चिरफाड नाही, खर्च कमी आणि एक-दोन दिवसांत माणूस कामावर जातो. उलट मोठ्या शस्त्रक्रियेने पुरुषत्व जाईल ही धास्ती. हा युक्तिवाद पहिल्या वेळेपुरता बरोबर आहे. तो दरवेळी लागू करणं मात्र चूक आहे.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. कर्नाळ्याजवळ मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी घसरते आणि तिशीतला तरुण रस्त्याकडेच्या कठड्यावर दोन्ही बाजूंना पाय पडून आदळतो. हाड मोडत नाही, पण वृषणांच्या मागचा मूत्रमार्ग जघनास्थीवर चेपला जातो. या भागाला डॉक्टर बल्बर म्हणतात. तिथे व्रण धरायला काही महिने लागतात. मग लघवीला वेळ लागू लागतो, जोर करावा लागतो. प्रवाहाच्या तपासणीत कमाल वेग सेकंदाला ६ मिलिलिटर येतो. निरोगी तरुणात तो १५च्या वर असतो. आलेखही बोलका असतो: एरवी चढून उतरणारी रेषा इथे पठारासारखी सपाट राहते. रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेत दीड सेंटिमीटरचा अरुंद भाग दिसतो. अशा वेळी पहिल्यांदा सळई टाकणं किंवा दुर्बिणीतून कापणं गैर नाही. आठ महिन्यांनी धार पुन्हा बारीक झाली, तर काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

सळई व्रण काढून टाकत नाही, ती त्याला ताणून फाडते. मूत्रमार्गाभोवतीचा स्पंजासारखा थर आधीच राठ झालेला असतो. जखम भरताना तिथे आणखी राठ ऊती तयार होतात. म्हणून दरवेळी सुटकेचा काळ कमी होतो आणि अरुंद भाग लांबू शकतो. दक्षिण आफ्रिकेत स्टीनकॅम्प आणि हेन्स यांनी २१० पुरुषांत सळई व दुर्बिणीतून कापणं यांची तुलना केली. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हींचं यश सारखंच ठरलं. वर्षभरात २ सेंटिमीटरपेक्षा लहान आकुंचन सुमारे ४० टक्क्यांत परत आलं, ४ सेंटिमीटरपेक्षा लांब असलेलं ८० टक्क्यांत. त्यांच्याच पुढच्या मांडणीत तिसऱ्यांदा हाच उपाय केल्यावर दोन वर्षांनी मार्ग मोकळा राहण्याचं प्रमाण शून्य होतं.

मग आपल्या तरुणाचं काय? आधी काही आठवडे मूत्रमार्गाला कोणतंही उपकरण लावायचं नाही. लघवी अगदीच अडली तर ओटीपोटातून नळी घालायची. या काळात व्रणाची खरी लांबी कळते. नंतर वृषण आणि गुदद्वार यांच्यामधून छेद घेऊन राठ तुकडा पूर्ण काढतात, दोन्ही निरोगी टोकं रुंद करून ताण न देता शिवतात. दोन-तीन आठवडे कॅथेटर राहतो आणि तो काढताना रंगद्रव्याच्या एक्स-रेने गळती नाही ना हे पाहतात. अशा आखूड व्रणात ही शस्त्रक्रिया दहापैकी नऊजणांत टिकते.

जंतुसंसर्गानंतरचं आकुंचन बहुधा लांब असतं. तिथे तुकडा काढला तर टोकं जुळत नाहीत. मग गालाच्या आतलं अस्तर घेऊन मूत्रमार्ग रुंद करतात. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या व नसा राखण्याची पद्धत रूढ केली. ती २००९पासून जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आता उरलेले आक्षेप. ब्रिटनमधल्या २०२०च्या ओपन चाचणीत, परत आलेल्या बल्बर आकुंचनात शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीतून कापणं यांची तुलना केली, तेव्हा दोन वर्षांनंतर त्रासातला आराम दोन्ही गटांत जवळपास सारखा होता. हे मान्य करायलाच हवं. पण पुन्हा उपचार लागण्याची शक्यता शस्त्रक्रियेच्या गटात जवळपास निम्मी होती. पुरुषत्वाविषयीची भीती बरीचशी अस्थानी आहे. बल्बर शस्त्रक्रियेनंतर ताठरतेत पडणारा फरक बहुतेकांत काही महिन्यांत भरून येतो. कमरेचं हाड मोडलेल्यांत ताठरता गेली, तर दोष सहसा अपघाताचाच असतो. या रुग्णांत तर मूत्रमार्ग तुटून मध्ये पोकळी पडलेली असते. तिथे सळई रेटली तर ती मूत्राशयाऐवजी भलतीच वाट पाडते. ओटीपोटातून नळी घालून सुमारे तीन महिने थांबून टोकं जोडणं, हाच मार्ग.

भूल न झेपणारा वृद्ध किंवा शस्त्रक्रिया नको म्हणणारा माणूस सळईवर राहू शकतो. तो त्याचा विचारपूर्वक निर्णय असावा. इतरांनी दुसऱ्या वेळी सळई टाकण्याआधीच एक्स-रे मागावा, आकुंचन कुठे आणि किती लांब ते विचारावं, आणि मूत्रमार्गाची दुरुस्ती नेहमी करणाऱ्या शल्यविशारदाचं मत घ्यावं.