उत्पादन शक्यता वक्र

एखाद्या अर्थव्यवस्थेकडे ठरावीक जमीन, मजूर, यंत्रे आणि तंत्र असताना त्यांच्या पुरेपूर वापरातून दोन वस्तूंच्या कोणकोणत्या जोड्या निघू शकतात, हे दाखवणारी रेषा. आडव्या अक्षावर एक वस्तू आणि उभ्या अक्षावर दुसरी मांडतात. रेषेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे हाताशी असलेल्या साधनांतून साधता येणारी एक कमाल जोडी. पाठ्यपुस्तकांत ही जोडी बहुधा ‘तोफा आणि लोणी’ अशी असते. पॉल सॅम्युएल्सन यांच्या १९४८ च्या पुस्तकामुळे ती जगभर रूढ झाली. महाराष्ट्रातील वाचकाला खरिपातील कापूस आणि ज्वारी ही जोडी अधिक जवळची आहे. शिवाय या दोन पिकांच्या बाबतीत वक्र सरकल्याचा इतिहासही उपलब्ध असल्याने येथे तीच घेतली आहे.

संधी-खर्च : विदर्भातील एक गाव कल्पू. आकडे उदाहरणापुरते आहेत. गावात १०० हेक्टर कोरडवाहू जमीन आहे : ४० हेक्टर भारी काळी, ४० मध्यम आणि २० हलकी मुरमाड. भारी जमिनीत हेक्टरी ५ क्विंटल कापूस किंवा १० क्विंटल ज्वारी होते, मध्यम जमिनीत ३ किंवा ९, आणि हलक्या जमिनीत १ किंवा ६. सगळ्या गावाने ज्वारीच पेरली तर ८८० क्विंटल ज्वारी येते आणि कापूस शून्य. हा वक्राचा वरचा टोकबिंदू.

आता कापूस हवा असेल तर तो आधी भारी जमिनीत लावणे शहाणपणाचे, कारण तेथे एका क्विंटल कापसासाठी दोनच क्विंटल ज्वारी सोडावी लागते. सोडलेली ही ज्वारी म्हणजेच कापसाचा संधी-खर्च. बियाणे, मजुरी, फवारणी यांचा रोख हिशेब त्यात येत नाही. त्याच जमिनीतून जे निघू शकले असते आणि निघाले नाही, त्याचे ते माप आहे. भारी जमीन पूर्ण कापसाखाली आली की २०० क्विंटल कापूस आणि ४८० क्विंटल ज्वारी मिळते. त्यापुढे मध्यम जमिनीत शिरावे लागते आणि प्रत्येक क्विंटल कापूस तीन क्विंटल ज्वारीला पडतो. ती संपली की ३२० आणि १२० ही जोडी येते. हलक्या जमिनीतला शेवटचा २० क्विंटल कापूस मात्र उरलेली सगळी १२० क्विंटल ज्वारी घेऊन जातो, म्हणजे क्विंटलमागे सहा. अखेरीस कापूस ३४० क्विंटल, ज्वारी शून्य.

दोन, तीन, सहा असा चढत जाणारा हा दर वक्राच्या आकारात दिसतो. रेषा आरंभबिंदूपासून बाहेर फुगलेली असते आणि उजवीकडे जाताना तिचा उतार तीव्र होत जातो. कारण साधे आहे : सगळी साधने सगळ्या कामांना सारखी योग्य नसतात. गावाची सारी जमीन एकसारखी असती, तर वक्राऐवजी सरळ रेषा मिळाली असती. जमिनीचे तीनच प्रकार धरल्यामुळे येथे प्रत्यक्षात तीन तुकड्यांची मोडती रेषा मिळते. प्रतवारी जितकी बारीक, तितकी ती गोलावते.

कार्यक्षम बिंदू : रेषेवरच्या बिंदूवर असताना एक वस्तू वाढवायची तर दुसरी घटवावीच लागते, म्हणून तो कार्यक्षम. रेषेच्या आतल्या बिंदूवर मात्र काहीच न गमावता वाढ शक्य असते. आत येण्याचे एक कारण सर्वांना दिसते : जमीन पडीक राहणे, माणसे बेकार असणे. अमेरिकेत १९४० साली सुमारे १५ टक्के कामगार बेकार होते. १९४४ पर्यंत हे प्रमाण सव्वा टक्क्यावर आले. त्यामुळे युद्धसाहित्याच्या वाढीचा पहिला टप्पा रिकाम्या हातांतून आणि बंद यंत्रांतून उभा राहिला. रेषा जवळ आली तसा त्याग दिसू लागला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबवण्यात आले. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स आणि रॉबर्ट नेथन यांनी आकडेमोड करून सांगितले, की लष्कराने मागितलेले उत्पादन देशाच्या कुवतीबाहेरचे आहे. ते लक्ष्य रेषेच्या बाहेरचा बिंदू होते. मोठ्या वादानंतर ते खाली आणावे लागले.

आत राहण्याचे दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक महत्त्वाचे. वरच्या गावाने भारी आणि हलक्या जमिनीत ज्वारी आणि मध्यम जमिनीत कापूस लावला, असे समजा. एक वाफाही रिकामा नाही आणि प्रत्येक जण राबतो आहे. कापूस होतो १२० क्विंटल, ज्वारी ५२०. पण तेवढाच कापूस २४ हेक्टर भारी जमिनीत निघाला असता आणि ज्वारी ६४० क्विंटल हाती आली असती. चुकीच्या वाटपाने १२० क्विंटल ज्वारी गेली.

रेषेवरचा कोणता बिंदू चांगला, हे वक्र सांगत नाही. ते भाव, गरज आणि बाजार ठरवतात. धान्याविना फक्त कापूस हाही या अर्थाने कार्यक्षमच बिंदू आहे.

वक्र बाहेर सरकणे : साधने वाढली किंवा तंत्र सुधारले, की पूर्वी अशक्य असलेल्या जोड्या शक्य होतात आणि रेषा बाहेर सरकते. बेकारी हटवून आतल्या बिंदूवरून रेषेवर येणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे रेषा जागची हलत नाही. उत्पादनवाढीच्या चर्चेत हे दोन्ही वारंवार एकत्र मिसळले जातात.

सरकणे दोन्ही बाजूंनी सारखे असेलच असे नाही. १९६४ मध्ये ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण आला. त्याने ज्वारीचे टोक उचलले. कापसाचे टोक जागीच राहिले. गावाच्या उदाहरणात ज्वारीचे उत्पन्न दीडपट धरले, तर वरचे टोक ८८० वरून १,३२० वर जाते आणि ३४० क्विंटल कापसाचे टोक तसेच राहते. तरीही कापूस वाढवता येतो. पूर्वीची ४८० क्विंटल ज्वारी आता कमी जमिनीत निघते, आणि मोकळ्या झालेल्या मध्यम जमिनीत सुमारे ५३ क्विंटल जादा कापूस घेता येतो. मात्र भारी जमिनीतल्या कापसाचा संधी-खर्च दोनवरून तीन होतो, कारण आता सोडावी लागणारी ज्वारीच जास्त असते. कापसाच्या बाजूचे सरकणे पुढे झाले : १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला.

मर्यादा : अक्षावर जे मांडले नाही ते वक्रातून नाहीसे होते. सीएसएच-१ बुटका असल्याने कडबा कमी पडे. तो लवकर पक्व होई आणि परतीच्या पावसात सापडल्यास दाणा बुरशीने काळा पडे. बैलजोडी सांभाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी कडबा हे दुय्यम उत्पन्न नव्हते. धान्याच्या अक्षावर बाहेर सरकलेली रेषा चाऱ्याच्या अक्षावर आत आलेली असू शकते.

इतिहास : परकीय व्यापाराच्या सिद्धांतात संधी-खर्चावर आधारलेला असा वक्र गॉटफ्रीड हाबरलर यांनी १९३० च्या सुमारास मांडला.