नऊ दिवस उशिरा वाचलेला मेल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना माझा एक मेल नऊ दिवस स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडून होता. एका कंपनीने मुलाखतीच्या पुढच्या फेरीला बोलावलं होतं. मी तो उघडला तोवर फेरी होऊन गेली होती. मेल पुन्हा वाचला तेव्हा मशीनचा फारसा राग धरता येईना. वर अभिनंदन, मधे दोनदा 'ऑफर', शेवटी 'इथे क्लिक करा'. लॉटरीवाला याहून वेगळं काय लिहितो?

तो मेल मी जपून ठेवला. गेल्या वर्षी ठरवलं, की शब्द मोजणारा एक साधा स्पॅम-फिल्टर स्वतः लिहायचा, स्वतःच्याच मेलवर शिकवायचा आणि शेवटी हा मेल त्याच्यासमोर ठेवायचा. त्यासाठी आधी ही कल्पना कुठून आली ते वाचायला लागलो, आणि तिथे एक मजेशीर गोष्ट सापडली. हीच कल्पना १९९८ मध्ये मांडली गेली तेव्हा तिचं फारसं काही झालं नाही. चार वर्षांनी ती पुन्हा आली आणि सगळीकडे पसरली.

१९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात कृत्रिम बुद्धिमत्तेची एक परिषद भरली होती. तिथल्या एका कार्यशाळेत स्पॅमवर दोन निबंध आले. एक मेहरान सहामी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या सुझन डुमाईस, डेव्हिड हेकरमन, एरिक हॉर्विट्झ यांचा. दुसरा पॅट्रिक पँटेल आणि डेकांग लिन यांचा, नाव 'स्पॅमकॉप'. दोन्हींचा गाभा एकच होता. मेलचे दोन ढीग करायचे, एक स्पॅमचा आणि एक खऱ्या मेलचा. प्रत्येक शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं. नवा मेल आला की त्यातल्या शब्दांची साक्ष एकत्र करायची. ही साक्ष एकत्र करण्याचा नियम थॉमस बेजचा, म्हणजे अठराव्या शतकातला.

पँटेल आणि लिन यांनी १६० स्पॅम आणि ४६६ खरे मेल वापरले होते. त्यांच्या फिल्टरने ९२ टक्के स्पॅम पकडलं, पण १.१६ टक्के खरे मेलही स्पॅम ठरवले. हा दुसरा आकडा लहान वाटतो. पण दिवसाला वीस खरे मेल येत असतील तर साधारण चार-पाच दिवसांत एक हरवणार. माझा हरवला होता, तसा. असा फिल्टर कोण लावून ठेवेल?

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या लिस्प प्रोग्रामरने स्पॅमवरचा आपला निबंध वेबवर टाकला. त्याआधी जवळपास सहा महिने तो हाताने नियम लिहीत होता: विषयात अमुक असेल तर स्पॅम, तमुक असेल तर स्पॅम. सोपं स्पॅम लगेच पकडलं जायचं. उरलेलं पकडायला नियम कडक केले की खरे मेल अडकायचे. मग त्याने नियम सोडून दिले आणि शब्द मोजले. दोन्ही ढिगांत साधारण चार-चार हजार मेल होते. मोजणीने त्याला कधी सुचली नसती अशी गोष्ट दाखवली: `ff0000` हा एचटीएमएलमधल्या भडक लाल रंगाचा कोड कुठल्याही अश्लील शब्दाइतकाच पक्का पुरावा ठरत होता.

पुढे कुणीतरी त्याला १९९८ चे निबंध दाखवले. जानेवारी २००३ मधल्या दुसऱ्या निबंधात त्याने फरक कुठे पडला असावा ते सांगितलं. पँटेल-लिनकडे मेल थोडे होते, त्यांनी मेलचे हेडर बाजूला ठेवले होते, आणि खरा मेल वाचावा म्हणून तराजू मुद्दाम झुकवला नव्हता. ग्रॅहमने तो झुकवला होता. खऱ्या ढिगातली प्रत्येक मोजणी तो दुप्पट धरायचा. सगळी हुशारी एवढ्या ओळींत मावते:

```python
def p(w):
    if spam[w] + 2 * ham[w] < 5:
        return 0.4
    b = spam[w] / n_spam
    g = 2 * ham[w] / n_ham
    return max(0.01, min(0.99, b / (b + g)))
```

`spam[w]` म्हणजे तो शब्द स्पॅमच्या ढिगात किती वेळा आला, `ham[w]` म्हणजे खऱ्या ढिगात किती वेळा. क्वचित दिसलेल्या शब्दाला ०.४, म्हणजे संशयाचा फायदा. शून्य किंवा एक कधीच द्यायचा नाही, नाहीतर एकच शब्द बाकी सगळ्यांचं तोंड बंद करेल. मेलमधले ०.५ पासून सर्वात दूर असलेले पंधरा शब्द घ्यायचे, त्यांची साक्ष एकत्र करायची, आणि उत्तर ०.९ च्या वर गेलं तर स्पॅम.

माझ्याकडे ग्रॅहमसारखे हजारो मेल नव्हते. मी ५०० घेतले, अर्धे स्पॅम, अर्धे खरे, प्रत्येक स्वतः उघडून खूण केलेला. त्यातले दोन्हींचे २००-२०० शिकवायला आणि ५०-५० परीक्षेला. पहिल्याच परीक्षेत शंभरपैकी शंभर बरोबर! पाच मिनिटं खूष होतो. मग सर्वात वजनदार शब्द छापून पाहिले. यादीत पहिलाच शब्द होता `spam`. मी मेल ज्या फाइलमधून काढले होते, तिच्यात प्रत्येक मेलवर `X-Gmail-Labels` नावाची ओळ असते आणि तो कुठल्या फोल्डरमध्ये होता ते तिच्यात लिहिलेलं असतं. परीक्षेच्या पेपरावरच उत्तर छापून मी पोराला पहिला आणला होता.

ती ओळ काढली, तरी निकाल संशयास्पदच चांगला. यादीत आता वर्षं दिसत होती. स्पॅमच्या फोल्डरमधले मेल तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात, त्यामुळे माझं सगळं स्पॅम गेल्या महिन्यातलं होतं आणि खरे मेल गेल्या सहा-सात वर्षांतले. फिल्टर स्पॅम ओळखत नव्हता, तारीख ओळखत होता.

यात मी पहिला नव्हतो. ग्रॅहमच्या निबंधानंतर लगेच पायथनवाल्यांनी स्पॅमबेज हा प्रकल्प सुरू केला. टिम पीटर्सने तिथे एका मेलिंग लिस्टवरचे खरे मेल आणि दुसऱ्याच माणसाच्या संग्रहातलं स्पॅम वापरलं होतं. हेडर वाचू दिले की फिल्टर मेल कुठल्या संग्रहातला आहे एवढंच शिकायचा. म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत त्याला बहुतेक हेडर बाजूला ठेवावे लागले. यावरून मी एक सवय लावून घेतली. निकालाचा आकडा नंतर, आधी दोन्ही टोकांचे वीस-वीस शब्द वाचायचे. त्यांत माणसाला अर्थ लागला नाही, तर फिल्टर दुसरंच काहीतरी शिकलेला असतो.

मी खरे मेलही गेल्या महिन्यातलेच घेतले. याद्या आता पटण्यासारख्या दिसू लागल्या, फक्त एक गोष्ट खटकली. मला मराठीतही स्पॅम येतं, पण यादीत धड मराठी शब्द एकही नव्हता. नुसते तुकडे होते. शब्द तोडायला मी पायथनमधला नेहमीचा `\w+` वापरला होता. हा प्रकार अक्षरं आणि आकडे ओळखतो, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे असं होतं:

```python
>>> re.findall(r'\w+', 'बक्षीस')
['बक', 'ष', 'स']
```

'बक्षीस' हा स्पॅमचा हुकमी शब्द, त्याचे तीन तुकडे झाले, आणि 'स' तर निम्म्या शब्दांतून निघतो. `[\w\u0900-\u097F]+` असं लिहिल्यावर शब्द अख्खे राहिले आणि 'बक्षीस' स्पॅमच्या यादीत वर जाऊन बसला.

आता निकाल आला: ५० पैकी ४५ स्पॅम पकडलं, ५० खऱ्यांपैकी एकही अडकला नाही. मग जपून ठेवलेला मेल पुढे केला. त्यातले निकाल ठरवणारे चारच शब्द इथे घेतो, बाकीचे अध्येमध्ये होते.

`congratulations` स्पॅममध्ये ४० वेळा, खऱ्यांत ५ वेळा. दुप्पट धरून ४० विरुद्ध १०, म्हणजे ०.८, चारास एक. `click` ६४ आणि ८, दुप्पट धरून ६४ विरुद्ध १६, पुन्हा चारास एक. `offer` ६० आणि १५, म्हणजे ६० विरुद्ध ३०, दोनास एक. गुणाकार केला की बत्तीसास एक. चौथा शब्द `campus`. तो दोन्ही ढिगांत नव्हता, म्हणून ०.४, म्हणजे दोनास तीन. बत्तीस गुणिले दोन भागिले तीन, साधारण एकवीसास एक. संभाव्यतेत ०.९६. स्पॅम!

मी लिहिलेल्या, मी शिकवलेल्या फिल्टरनेही तो मेल टाकून दिला होता.

मग खऱ्या ढिगातले ५० मेल काढून त्यांच्या जागी शेवटच्या वर्षातले ५० ठेवले, दोस्तांचे आणि प्लेसमेंटच्या ग्रुपचे. जपलेला मेल अर्थातच त्यात नव्हता. पहिल्या तीन शब्दांचे गुण जवळपास तेवढेच राहिले. पण `campus` आता खऱ्यांत १२ वेळा आला होता आणि स्पॅममध्ये एकदाही नाही. त्याला ०.०१ मिळाले, म्हणजे एकास नव्याण्णव. बत्तीस भागिले नव्याण्णव, जेमतेम तिनास एक खऱ्याच्या बाजूने. संभाव्यता ०.२४. मेल वाचला.

सूत्र तेच होतं. बदलला होता तो खऱ्या मेलचा ढीग. स्पॅमचे शब्द सगळ्यांकडे सारखेच येतात, पण मला वाचवणारे शब्द माझ्याच मेलमध्ये असतात: माझं कॉलेज, माझ्या टीमची बोली, आईने पाठवलेल्या विम्याच्या कागदाचं नाव. आणि ते शब्द दर दोन वर्षांनी बदलतात. नोकरी शोधणाऱ्या माणसाला सर्वात महत्त्वाचा मेल अनोळखी पत्त्यावरून येतो, अनोळखी शब्दांत येतो. साक्ष द्यायला नेमका तिथेच कुणी नसतो.

राहिला '५० पैकी एकही अडकला नाही' हा निकाल. संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: क्ष प्रयत्नांत चूक शून्य असेल, तरी खरं प्रमाण तीन भागिले क्ष इतकं असू शकतं. तीन भागिले पन्नास म्हणजे सहा टक्के. पँटेल-लिनचा १.१६ टक्क्यांचा आकडा मला सुरुवातीला वाईट वाटला होता. माझा फिल्टर त्याहून बरा आहे, असं माझ्या शून्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून मी उंबरठा ०.९ वरून ०.९९ वर नेला. थोडं स्पॅम आता इनबॉक्समध्ये येतं. ०.९ ते ०.९९ मधले मेल वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात आणि तो मी रोज रात्री उघडतो. तो जुना मेल ०.९६ वर तिथेच पडला असता, आणि त्याच रात्री माझ्या हाती लागला असता.