अभिलेख श्रेणी (क्लाउड साठवण)

अभिलेख श्रेणी म्हणजे क्वचितच उघडल्या जाणाऱ्या विदेसाठी क्लाउड सेवादाते पुरवतात ती सर्वांत स्वस्त साठवण. येथे विदा ठेवण्याचे भाडे अल्प असते. मात्र ती परत मिळवण्यासाठी काही तास थांबावे लागते आणि वेगळे शुल्कही द्यावे लागते. ॲमेझॉनची 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह' ही श्रेणी २०१९ मध्ये सुरू झाली. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्येही अशीच 'आर्काइव्ह' श्रेणी आहे. गुगलच्या याच नावाच्या श्रेणीत विदा तत्काळ उघडते, परंतु ती किमान ३६५ दिवस ठेवण्याचे बंधन असते. पुढील विवेचन डीप आर्काइव्हच्या संदर्भात आहे.

## व्यवसायातील गरज

केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने, तर कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबवह्या ८ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. यातील जुनी देयके लेखापरीक्षण किंवा नोटीस आली तरच पाहिली जातात. नागपूरच्या पेढीला यासाठी ॲमेझॉनचे मुंबई केंद्र निवडता येते. ते २०१६ पासून कार्यरत आहे.

## खर्चाची तुलना

समजा, नागपुरातील एका व्यापारी पेढीकडे जुन्या देयकांच्या १० टेराबाइट, म्हणजे सुमारे १०,००० गिगाबाइट, प्रतिमा आहेत. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्राच्या दरपत्रकात नेहमीच्या श्रेणीचे भाडे दर गिगाबाइटला महिना ०.०२३ डॉलर, तर डीप आर्काइव्हचे ०.०००९९ डॉलर होते. या दराने मासिक खर्च अनुक्रमे २३० आणि सुमारे १० डॉलर होतो. मुंबईचे दर याहून वेगळे असतात. त्यामुळे हे आकडे केवळ प्रमाण समजण्यापुरते आहेत.

सर्व विदा एकदा परत मागवल्यास साध्या मागणीला दर गिगाबाइटला ०.०२ डॉलर याप्रमाणे २०० डॉलर पडतात. घाऊक मागणीचा दर ०.००२५ असल्याने तेच काम २५ डॉलरमध्ये होते. म्हणजे वर्षातून एकदा सर्व विदा उघडली, तरी अभिलेख श्रेणी स्वस्तच ठरते. विदा इंटरनेटवरून आपल्या कार्यालयात उतरवण्याचे शुल्क याहून बरेच मोठे असते, पण ते नेहमीच्या श्रेणीतही द्यावे लागते.

## लहान फायलींचा भार

वरील हिशेब मोठ्या फायलींनाच लागू पडतो. प्रत्येक प्रतिमा २०० किलोबाइटची असेल, तर १० टेराबाइटमध्ये ५ कोटी फायली होतात. नेहमीच्या श्रेणीतून डीप आर्काइव्हमध्ये हलवण्याचे शुल्क दर हजार फायलींना ०.०५ डॉलर धरल्यास केवळ स्थलांतरालाच २,५०० डॉलर लागतात. शिवाय प्रत्येक फायलीमागे ४० किलोबाइट जादा नोंद आकारली जाते. त्यातील ८ किलोबाइटला नेहमीचा, महाग दर लागतो. परिणामी हलवण्याचा खर्च भरून निघण्यास सुमारे वर्ष जाते. साध्या मागणीने सर्व परत आणायचे झाल्यास फायलींच्या संख्येवरच ५,००० डॉलर पडतात.

यावर उपाय म्हणजे देयके चढवण्यापूर्वीच महिनावार गठ्ठे बांधणे. एकेक गिगाबाइटचे १०,००० गठ्ठे केले, तर फायलींच्या संख्येवर आकारले जाणारे शुल्क नगण्य होते. मात्र कोणते देयक कोणत्या गठ्ठ्यात आहे, याची सूची नेहमीच्या श्रेणीत हाताशी ठेवावी लागते. अन्यथा एका देयकासाठी अनेक गठ्ठे उघडावे लागतात.

## विलंब

साधी मागणी १२ तासांत, तर घाऊक मागणी ४८ तासांत पूर्ण होते. मागणी न नोंदवता फाइल उघडू पाहिल्यास `InvalidObjectState` ही त्रुटी दिसते. मागणीची स्थिती पुढील आज्ञेने कळते:

```
aws s3api head-object --bucket BUCKET --key 2019-04.tar
```

उत्तरात `ongoing-request="true"` असल्यास काम चालू आहे, `"false"` असल्यास तात्पुरती प्रत तयार आहे, असे समजावे. ही प्रत ठरवलेल्या दिवसांनंतर आपोआप नष्ट होते आणि तोवर तिचे नेहमीच्या दराने भाडे लागते.

प्रत तयार झाल्यावर ती उतरवण्यास लागणारा वेळ वेगळा असतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर १० टेराबाइट उतरवण्यास अखंड ९ दिवसांहून अधिक लागतात. त्यामुळे नोटिशीत मागितलेल्या महिन्यांचेच गठ्ठे मागवणे सोयीचे ठरते.

## मर्यादा

या श्रेणीत विदा किमान १८० दिवस ठेवावी लागते. दोन महिन्यांत पुसली तरी उरलेल्या चार महिन्यांचे भाडे भरावे लागते. कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्या भारतात सर्वकाळ उपलब्ध असाव्या लागतात आणि त्यांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज घ्यावी लागते. बारा तासांनी उघडणारी साठवण ही त्यांची एकमेव जागा असू शकत नाही. मूळ हिशेबवह्या तत्काळ उघडणाऱ्या श्रेणीत आणि त्यांना पुष्टी देणाऱ्या जुन्या प्रतिमा अभिलेख श्रेणीत, अशी विभागणी त्यामुळे सयुक्तिक ठरते.