सरासरी खरेदी पद्धत

सरासरी खरेदी पद्धत ही ठरावीक कालांतराने समान रक्कम गुंतवून एखादी मालमत्ता हप्त्याहप्त्याने खरेदी करण्याची पद्धत होय. भारतात ती ‘रुपी कॉस्ट ॲव्हरेजिंग’ या नावाने, तर अमेरिकेत ‘डॉलर कॉस्ट ॲव्हरेजिंग’ या नावाने ओळखली जाते. म्युच्युअल फंडांतील ‘सिस्टिमॅटिक इन्व्हेस्टमेंट प्लॅन’ अर्थात एसआयपी ही दरमहा ठरावीक रक्कम बँक खात्यातून वळती करून घेण्याची सोय आहे. खरेदीच्या भावाची सरासरी साधणे हा त्या सोयीचा परिणाम होय. अमेरिकी गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या ग्रंथात सामान्य गुंतवणूकदारासाठी या पद्धतीचा पुरस्कार केला होता.

या पद्धतीमुळे खरेदीचा सरासरी भाव कमी होतो, ही गोष्ट गणिताने सिद्ध होते. मात्र सरासरी भाव कमी होणे आणि नफा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाव दीर्घकाळ घसरत राहिल्यास सरासरी खाली येत असतानाच तोटा वाढत जातो.

## गणिती आधार

रक्कम समान ठेवल्यास भाव कमी असताना अधिक युनिट मिळतात व भाव जास्त असताना कमी मिळतात. समजा, एका फंडाच्या युनिटचा भाव पाच महिन्यांत अनुक्रमे २०, १६, १०, १६ व २० रुपये होता आणि गुंतवणूकदाराने दरमहा १,००० रुपये भरले. त्याला अनुक्रमे ५०, ६२.५, १००, ६२.५ व ५० असे एकूण ३२५ युनिट मिळतील. पाच महिन्यांतील भावांची साधी सरासरी १६.४० रुपये आहे. परंतु त्याला एक युनिट सरासरी १५.३८ रुपयांना पडले. पाचव्या महिन्याच्या भावाने त्याच्या ५,००० रुपयांचे मूल्य ६,५०० रुपये होते. म्हणजे भाव मूळ जागीच परतला, तरी १,५०० रुपयांचा नफा झाला.

खरेदीचा हा सरासरी भाव म्हणजे सर्व भावांचा हरात्मक मध्य होय. भाव बदलते असतील, तर हरात्मक मध्य नेहमी साध्या सरासरीपेक्षा कमी असतो. या पद्धतीचे गणिती आश्वासन एवढेच आहे. शेवटचा भाव सरासरी भावाच्या वर असेल की खाली, याविषयी हे गणित काहीही सांगत नाही. वरील उदाहरणातील नफा भाव १० रुपयांवरून पुन्हा २० रुपयांवर आल्यामुळे झाला.

मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्स या निर्देशांकाने अशी उभारी दाखविली आहे. ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३ अंशांवर बंद झालेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ रोजी ८,१६० पर्यंत उतरला आणि ५ नोव्हेंबर २०१० रोजी पुन्हा २१,००० अंशांच्या वर बंद झाला. या काळात हप्ते न थांबविणाऱ्यांची खालच्या भावातील खरेदी तीन वर्षांच्या आत फळाला आली.

## भाव घसरतच राहिल्यास

भाव दर महिन्याला ५ टक्क्यांनी घसरतो आणि गुंतवणूकदार दरमहा १,००० रुपये भरतो, असे मानू. प्रत्येक वेळी नवा हप्ता भरल्यानंतर लगेच मूल्य मोजल्यास पुढील चित्र दिसते.

| हप्ते | भरलेली रक्कम (रु.) | मूल्य (रु.) | तोटा |
|---|---|---|---|
| १२ | १२,००० | ९,१९३ | २३% |
| २४ | २४,००० | १४,१६० | ४१% |
| ६० | ६०,००० | १९,०७९ | ६८% |

पहिल्या खरेदीचा भाव १०० रुपये असेल, तर चोविसाव्या हप्त्याच्या वेळी तो सुमारे ३१ रुपये होतो व खरेदीची सरासरी सुमारे ५२ रुपये राहते. सरासरी १०० वरून ५२ वर आली, हे खरे; पण भाव तिच्यापेक्षा वेगाने उतरला. आता केवळ मुद्दल परत मिळण्यासाठी भाव सुमारे ७० टक्क्यांनी वाढावा लागेल. सारी रक्कम पहिल्याच दिवशी गुंतविणाऱ्याचा तोटा मात्र ६९ टक्के झाला असता. म्हणजे या पद्धतीने तोट्याची तीव्रता कमी केली, तोटा टाळला नाही.

या उदाहरणातील मूल्य कितीही हप्ते भरले तरी २०,००० रुपयांच्या पुढे जाऊ शकत नाही. याचे कारण सोपे आहे. २०,००० रुपयांचे ५ टक्के म्हणजे १,००० रुपये. संचय त्या पातळीजवळ पोहोचला की एका महिन्याची घसरण जवळजवळ पूर्ण हप्ता गिळून टाकते. घसरण मासिक २ टक्के असेल, तर ही कमाल मर्यादा ५०,००० रुपये येते. मर्यादा उंचावते, पण नाहीशी होत नाही. भाव सतत वरून खाली येत असेल, तर शेवटचा हप्ता वगळता प्रत्येक हप्ता चालू भावापेक्षा महाग पडलेला असतो. त्यामुळे सरासरी चालू भावाच्या वरच राहते.

## जपानमधील उदाहरण

प्रत्यक्षातील घसरण इतकी सरळ नसते. तिच्यात मधूनमधून चढ येतात. जपानचा अनुभव याचे बोलके उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे जमिनीचे व समभागांचे भाव अतोनात वाढले. बँक ऑफ जपानने मे १९८९ ते ऑगस्ट १९९० या काळात व्याजदर २.५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर नेला आणि हा फुगा फुटला. टोकियो शेअर बाजारातील २२५ कंपन्यांवर आधारित निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला होता. २००२ च्या अखेरीस तो ८,५७८ वर होता.

एखाद्याने १९८९ पासून २००२ पर्यंत दर वर्षाच्या अखेरीस एक लाख येन या निर्देशांकात गुंतविले, असे समजू. येथे निर्देशांकाचा अंक हाच एका युनिटचा येनमधील भाव मानला आहे आणि लाभांश व खर्च धरलेले नाहीत. वार्षिक हप्ता घेतल्याने आकडेमोड सोपी होते. मासिक हप्त्यालाही तत्त्व हेच लागू पडते.

पहिल्या एक लाखात त्याला केवळ २.५७ युनिट मिळाले. २००२ च्या हप्त्यात ११.६६ मिळाले. चौदा वर्षांत एकूण १४ लाख येन भरून ८५.४९ युनिट जमा झाले. चौदा वर्षअखेरींच्या भावांची साधी सरासरी सुमारे १८,५७० येते, तर त्याच्या खरेदीची सरासरी सुमारे १६,३७७ आहे. पद्धतीने आपले गणिती आश्वासन पूर्ण पाळले. तरीही १४ लाख येनांचे मूल्य सुमारे ७ लाख ३३ हजार येन, म्हणजे जवळजवळ निम्मे झाले.

या चौदा वर्षांतील १९९९ चा टप्पा विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षाच्या अखेरीस निर्देशांक १८,९३४ वर होता आणि अकरा हप्त्यांच्या ११ लाखांचे मूल्य सुमारे १० लाख ८१ हजार येन भरत होते. भाव १९८९ च्या निम्म्याहूनही कमी असताना मुद्दल जवळजवळ वसूल झाले होते. तेथे थांबून पाहणाऱ्यास पद्धत यशस्वी वाटली असती. पुढील तीन वर्षांत आणखी तीन लाख येन भरूनही मूल्य सुमारे साडेतीन लाखांनी घटले.

२००२ नंतर खरेदी थांबवून युनिट तसेच ठेवले असते, तर २००६ च्या अखेरीस निर्देशांक १७,२२५ वर असताना मुद्दल भरून निघाले असते. मात्र १० मार्च २००९ रोजी तो पुन्हा ७,०५४ पर्यंत कोसळला. १९८९ चा उच्चांक ओलांडण्यास २२ फेब्रुवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला.

## संचयाचा भार

जपानच्या उदाहरणातून या पद्धतीची दुसरी मर्यादा कळते. हप्ता तोच राहतो, संचय मात्र वाढत जातो. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत एका हप्त्याने सरासरी बरीच हलते. दहाव्या-बाराव्या वर्षी ती जेमतेम हलते.

समजा, दरमहा १,००० रुपये भरणाऱ्याचा संचय २ लाख रुपये झाला आहे आणि भाव १० टक्क्यांनी पडला. संचयातून २०,००० रुपये कमी होतील. स्वस्त झालेल्या भावाने त्या महिन्याच्या १,००० रुपयांत जुन्या भावाने १,१११ रुपये किमतीचे युनिट मिळतील. म्हणजे स्वस्ताईचा लाभ १११ रुपयांचा आणि घसरणीची झळ २०,००० रुपयांची. वरील जपानी गुंतवणूकदाराकडे १९९९ अखेर जमा असलेल्या ५७ युनिटांवरच पुढील तीन वर्षांत सुमारे ५ लाख ९० हजार येनांचा तोटा झाला. नवे तीन हप्ते तो भरून काढू शकले नाहीत.

यामुळे निवृत्ती, शिक्षण वा घरखरेदी अशा ठरलेल्या वेळी पैसे लागणार असतील, तर अखेरच्या काही वर्षांतील घसरण सर्वाधिक घातक ठरते. तोपर्यंत हप्ते चालू ठेवणे हे संचयाचे संरक्षण नव्हे. मुदत जवळ आल्यावर संचयाचा काही भाग टप्प्याटप्प्याने मुदत ठेव किंवा अल्पमुदतीच्या रोखे फंडाकडे वळविण्याचा प्रघात याच कारणाने पडला आहे.

## एकाच समभागाची सरासरी

घसरत्या समभागाची आणखी खरेदी करून सरासरी खाली आणण्यास बाजारात ‘ॲव्हरेज करणे’ म्हणतात. बाह्यतः ते सरासरी खरेदी पद्धतीसारखे दिसते, पण दोहोंत मूलभूत फरक आहे. व्यापक निर्देशांकातून बुडीत कंपन्या वगळल्या जातात व त्यांच्या जागी नव्या येतात. जपानमध्ये ३४ वर्षांनी का होईना, निर्देशांक जुन्या उच्चांकावर परतला. एकट्या कंपनीबाबत अशी अदलाबदल होत नाही. ती दिवाळखोरीत निघाल्यास भागधारकांचा हक्क सर्व धनकोंच्या मागून येतो आणि समभागाचे मूल्य शून्यही होऊ शकते. त्या स्थितीत सरासरी ५२ रुपये आहे की १० रुपये, याला अर्थ उरत नाही.

शिवाय सरासरी खरेदी पद्धतीत हप्त्याची रक्कम आधी ठरलेली असते. ‘ॲव्हरेज’ करणारा मात्र बहुधा भाव पडेल तशी रक्कम वाढवितो आणि कालांतराने त्याच्या बचतीचा मोठा हिस्सा सर्वाधिक घसरलेल्या एकाच समभागात अडकतो. घसरलेला सरासरी भाव ही त्याला प्रगती वाटते. प्रत्यक्षात पाहण्याजोगे आकडे दोनच असतात: आजवर भरलेली एकूण रक्कम व तिचे आजचे मूल्य. पहिल्याला दुसऱ्याने भागल्यास मुद्दल परत मिळण्यासाठी भाव किती पट व्हावा लागेल ते कळते. नवे हप्ते भरूनही हे गुणोत्तर महिन्यामागून महिने वाढत असेल, तर सरासरीपेक्षा घसरण वेगवान आहे, असे समजावे.

## हे सुद्धा पहा

म्युच्युअल फंड, सेन्सेक्स, निक्केई निर्देशांक, हरात्मक मध्य