नमस्कार, रामराम आणि ‘शुभ प्रभात’

इंग्रजी नाटक मराठीत आणायला घेतलं, की पहिली अडचण बहुधा पहिल्याच पानावर येते. डॉक्टर दारात उभे राहतात आणि म्हणतात, ‘गुड मॉर्निंग’. याचं मराठी काय करायचं? ‘शुभ प्रभात’ लिहिलं, तर डॉक्टर एकदम पौराणिक नाटकातले वाटू लागतात. ‘शुभ सकाळ’ थोडं जवळचं, पण तेही भेटकार्डावरून वाचून दाखवल्यासारखं. शब्द चुकीचे नाहीत, अर्थही तोच आहे. मग कानाला खटकतं काय? याचं उत्तर शब्दकोशापेक्षा इतिहासात सापडतं, असं मला वाटतं.

आधी इंग्रजी बाजू पाहू. ‘गुड मॉर्निंग’ हे मूळ वाक्याचं उरलेलं शेपूट आहे. जुन्या इंग्रजीत लोक ‘देव तुम्हाला चांगली सकाळ देवो’ असं पूर्ण म्हणत. वापरून वापरून देव गेला, क्रियापद गेलं, सकाळ तेवढी राहिली. गोव्यातले ख्रिस्ती कोकणी लोक मात्र आजही ‘देव बरो दीस दिवं’ म्हणतात. तिथे देणारा आहे, देणं आहे, म्हणून तो आशीर्वाद जिवंत वाटतो. मराठीतही तोंडी सदिच्छेला क्रियापद लागतं. ‘सुखी राहा’, ‘भलं होवो’, ‘औक्षवंत हो’ असं आपण म्हणतो. ‘शुभ प्रभात’मध्ये ते नाही. आपण इंग्रजीचं शेपूट तेवढं उचललं.

शिवाय ‘प्रभात’ म्हणजे सगळी सकाळ नव्हे. ती उजाडण्याची वेळ. साडेदहाला कचेरीत ‘शुभ प्रभात’ ऐकलं की हसू येतं ते यामुळेच. आणि ‘सुप्रभातम्’ची आपली परंपरा आहे ती देवाला जागं करण्याची. तिरुपतीच्या व्यंकटेशाचं सुप्रभातम् सर्वांना ठाऊक आहे. मराठीत हेच काम भूपाळी आणि काकडआरती करतात. शेजारच्या जोशीकाकांना मात्र कोणी भूपाळी म्हणत नाही.

मग आपण एकमेकांना काय म्हणत आलो? जुन्या मोडी पत्रांचे मायने पाहिले, तर त्याचा नमुना मिळतो. पत्राच्या सुरुवातीलाच लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं नातं ठरलेलं असे. ब्राह्मण ब्राह्मणाला ‘नमस्कार’ लिही, वडीलधारा धाकट्याला ‘आशीर्वाद’. मराठा मंडळींत ‘रामराम’ आणि ‘दंडवत’ चाले. महारांनी ‘जोहार’ म्हणावा, अशी रीत लादलेली होती. त्यानंतर ठरलेलं वाक्य येई, ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’. म्हणजे दोन पायऱ्या झाल्या. पहिलीत ‘तुम्ही माझे कोण’ ते सांगायचं, दुसरीत ‘कसे आहात’ ते विचारायचं. पत्र पहाटे लिहिलं की तिन्हीसांजेला, याचा अभिवादनाशी काही संबंध नसे.

ही पहिली पायरी किती गंभीरपणे घेतली जाई, याचा एक दाखला देतो. मुंबईच्या सोनार मंडळींनी आपसात ‘नमस्कार’ हा शब्द वापरायला सुरुवात केली होती. तो आपल्या जातीचा मान आहे, असं ब्राह्मणांचं म्हणणं पडलं. पेशव्यांच्या दरबाराने आग्रह धरला आणि 1779 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई कौन्सिलने सोनारांना ‘नमस्कार’ म्हणण्याची चक्क मनाई केली. एका अभिवादनासाठी दोन सरकारं कामाला लागली! सकाळ ‘शुभ’ म्हणण्यावरून असं भांडण कधी होणार नाही. ‘नमस्कार’वरून झालं, कारण त्या शब्दात माणसाची जागा ठरत होती.

म्हणूनच समाज बदलू लागला, तेव्हा अभिवादनंही बदलली. कामठीचे बाबू हरदास यांनी 1930 च्या दशकात ‘जय भीम’ रूढ केलं. ‘जोहार’मध्ये वाकणं होतं, ‘जय भीम’मध्ये ताठ मान आहे, आणि दोघंही एकमेकांना तोच शब्द म्हणतात. वारकऱ्यांचं ‘राम कृष्ण हरी’ही असंच दोन्ही बाजूंनी सारखं. ज्या ‘नमस्कार’वर एकेकाळी बंदी आली, तो आज सर्वांचा झाला आहे. सभेत, दूरध्वनीवर, आकाशवाणीवर, सकाळी आणि रात्री तोच चालतो. इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’ शाळा-कचेऱ्यांत न भाषांतरता टिकलं, त्याचंही एक कारण हेच असावं. त्या शब्दाला जात विचारता येत नव्हती.

आता दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे कुशल विचारण्याकडे वळू. रोजच्या ओळखीत पहिली पायरी गाळलीच जाते. सकाळी दुधाच्या केंद्रावर दोन शेजारी भेटतात. ‘काय काका, आज लवकर?’ ‘हो, जरा फिरून येतो.’ झालं अभिवादन. जिन्यात बायका भेटतात. ‘काय गं, आलं का पाणी?’ घरात आजी नातवाला म्हणते, ‘उठलास? चहा ठेवलाय.’ गावाकडे पारावरून हाक येते, ‘रामराम पाव्हणं, कुणीकडं?’ इथेही ‘कुठे’ टाळतात. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारणं अशुभ मानलं जातं, म्हणून ‘कुणीकडं’.

या प्रश्नांची गंमत अशी, की त्यांची उत्तरं विचारणाऱ्याला बहुधा दिसतच असतात. हातात पिशवी असते, तरी आपण ‘काय, बाजारात?’ असं विचारतो. नातू समोर उभा असतो, तरी ‘उठलास?’ त्यात माहिती मागायची नसते. ‘मी तुला पाहिलं, तुझ्या दिवसाची मला दखल आहे’ एवढंच सांगायचं असतं. उत्तरही ‘हो, जरा जाऊन येतो’ इतकंच पुरतं. परका माणूस मात्र कधी फसतो. त्याला ही चौकशी वाटते आणि तो खरोखर सगळा कार्यक्रम सांगत बसतो.

आता त्या नाटकातल्या डॉक्टरांकडे पाहा. ते पहिल्यांदाच आले असतील, तर ‘नमस्कार’ म्हणतील. घरच्यासारखे असतील, तर ‘काय आजी, झोप लागली का?’ म्हणत आत येतील. शहरी इस्पितळातले असतील, तर ‘गुड मॉर्निंग’च म्हणतील आणि ते मराठीच वाटेल. अनुवादकाने सकाळ शोधू नये, नातं शोधावं. शब्द आपोआप मिळतो.

‘शुभ सकाळ’ला हद्दपार करावं, असं मी म्हणत नाही. मोबाइलवरच्या संदेशांत ते आता रुळलं आहे, आणि ते साहजिक आहे. संदेश पाठवताना समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या हातातली पिशवी दिसत नाही. मग उरते ती फक्त वेळ. माणूस समोर आला, की मात्र आपल्याला अजून विचारावंसं वाटतं, ‘काय, झाला का चहा?’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)