नोटीस पिरियड ९० दिवसांचा आणि नवी कंपनी म्हणते ४५ दिवसांत या. अशा वेळी काय करायचं?

नागपूरच्या उत्तरेला असलेल्या कोराडीची ओळख दोन गोष्टींमुळे आहे. एक म्हणजे जगदंबेचं मंदिर आणि दुसरी म्हणजे महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र. ६६० मेगावॅटचे तीन संच असलेल्या या केंद्राभोवती देखभाल-दुरुस्ती, कोळसा हाताळणी, इन्स्ट्रुमेंटेशन अशी कामं घेणाऱ्या खासगी कंत्राटदार कंपन्यांचं मोठं जाळं आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडे मिहान आहे आणि तिथे आयटी कंपन्या आहेत. दोन्ही ठिकाणच्या नोकऱ्यांचं स्वरूप वेगळं असलं, तरी नोकरी बदलताना अडचण एकच येते. जुनी कंपनी तीन महिने सोडायला तयार नसते आणि नवी कंपनी तीन महिने थांबायला तयार नसते.

या कात्रीत सापडल्यावर बरेच जण आधी राजीनामा देतात आणि मग आकडेमोड करतात. खरं तर क्रम उलटा हवा. एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, कोराडीतला एक इंजिनिअर आहे

तो एका कंत्राटदार कंपनीत काम करतो. महिन्याचा एकूण पगार ५४,००० रुपये, त्यातला बेसिक २७,००० रुपये. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. त्याला पुण्याच्या एका कंपनीकडून ७२,००० रुपयांची ऑफर आली आहे आणि त्यांना तो १५ सप्टेंबरला हजर हवा आहे. तो १ ऑगस्टला राजीनामा देणार आहे.

सगळ्यात आधी त्याने जुनं अपॉइंटमेंट लेटर शोधून नोटीसचं कलम शब्दशः वाचायला हवं. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ९० दिवस लिहिलंय की तीन महिने? १ ऑगस्टपासून ९० दिवस मोजले तर शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर येतो. तीन महिने मोजले तर ३१ ऑक्टोबर. फरक दोनच दिवसांचा आहे, पण जॉइनिंगची तारीख ठरवताना याच दोन दिवसांवरून वाद होतात.

दुसरी, नोटीसऐवजी पैसे भरून निघता येतं का, आणि ते कोण ठरवणार? ‘नोटीस किंवा त्याऐवजी पगार’ एवढंच लिहिलं असेल तर कर्मचाऱ्याची बाजू भक्कम असते. ‘कंपनीच्या संमतीने’ किंवा ‘कंपनीला योग्य वाटल्यास’ असे शब्द असतील, तर पैसे भरायची तयारी दाखवूनही कंपनी नाही म्हणू शकते.

तिसरी, पैसे कशावर मोजणार, बेसिकवर की एकूण पगारावर? यावरच सगळं गणित फिरतं.

आता पैशांचं गणित

१५ सप्टेंबरला नवीन ठिकाणी जायचं तर जुन्या कंपनीत शेवटचा दिवस १४ सप्टेंबर. म्हणजे ९० पैकी ४५ दिवस काम होतं आणि ४५ दिवस कमी पडतात.

वसुली बेसिकवर असेल तर २७,००० भागिले ३० गुणिले ४५, म्हणजे ४०,५०० रुपये भरावे लागतील. एकूण पगारावर असेल तर तेच ८१,००० रुपये होतात. कलमातला एक शब्द बदलला की रक्कम दुप्पट होते.

इथे शिल्लक रजा कामी येऊ शकते. समजा, त्याच्या खात्यात १५ दिवसांची अर्जित रजा आहे आणि कंपनी ती नोटीसमध्ये वळती करायला तयार आहे. मग कमी पडणारे दिवस ३० उरतात. पण रजा वळती केली की तिचे मिळणारे पैसे बुडतात, हे विसरायचं नाही. रजेचे पैसेही बेसिकवर आणि वसुलीही बेसिकवर असेल, तर रजा वळती करून काहीच वाचत नाही. ४०,५०० भरून रजेचे १३,५०० घेतले काय किंवा थेट २७,००० भरले काय, खिशातून तेवढेच जातात. वसुली एकूण पगारावर आणि रजेचे पैसे बेसिकवर असतील, तर मात्र फायदा आहे. रजा वळती न करता ८१,००० वजा १३,५०० म्हणजे ६७,५०० रुपये जातात, वळती केल्यावर ५४,००० जातात. सरळ १३,५०० रुपये वाचतात.

पुढचा प्रश्न, लवकर जाणं परवडतं का? नव्या नोकरीत महिन्याला १८,००० रुपये जास्त मिळणार आहेत. ४५ दिवस आधी गेल्याने त्याची जास्तीची कमाई २७,००० रुपये होते. त्यासाठी ४०,५०० भरायचे असतील तर हा १३,५०० रुपयांचा तोटा आहे. ऑफर हातची जाणार असेल तर हा तोटा सोसण्यात अर्थ आहे. पण नवी कंपनी थांबायला तयार असेल तर स्वतःच्या खिशातून पैसे भरायचं कारण नाही.

म्हणून आधी नव्या कंपनीशी बोला

मुलाखतीत ‘लगेच येतो’ म्हणून नंतर तारीख वाढवून मागणं महागात पडतं. खरा नोटीस पिरियड सुरुवातीलाच सांगा आणि दोन तारखा द्या. एक, पूर्ण नोटीस भरली तर येणारी आणि दुसरी, कंपनीने लवकर सोडलं तर शक्य असलेली. अनेकदा कंपनीची ‘पक्की’ तारीख बोलल्यावर दोन-तीन आठवडे पुढे सरकते.

तरीही घाई असेल, तर नोटीसचे पैसे नव्या कंपनीने द्यावेत असं मागता येतं. याला बायआउट म्हणतात. फोनवर ‘आम्ही बघून घेऊ’ असं सांगितलं तर त्यावर विसंबू नका. किती रकमेपर्यंत देणार, कधी देणार आणि किती महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास परत घेणार, हे ऑफर लेटरमध्ये यायला हवं. साधारणपणे जुन्या कंपनीची वसुली आधी कर्मचारी स्वतः भरतो आणि पावती किंवा फुल अँड फायनलचा कागद दाखवल्यावर नवी कंपनी पैसे देते. ही रक्कम सहसा पगारात धरली जाऊन तिच्यावर टीडीएस कापला जातो. त्यामुळे ४०,५०० मंजूर झाले तरी हातात तेवढेच येतील असं नाही.

जुन्या कंपनीला काय सांगायचं

लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये. आणि राजीनामा तोंडी देऊ नये. मेलमध्ये राजीनाम्याची तारीख, करारानुसार येणारा शेवटचा दिवस आणि मागत असलेला शेवटचा दिवस, तिन्ही लिहा. मजकूर साधा असला तरी चालतो: ‘करारानुसार माझा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर येतो. मला १४ सप्टेंबरला कार्यमुक्त करावं, ही विनंती. उरलेल्या दिवसांसाठी शिल्लक रजा वळती करावी आणि बाकीची रक्कम नियमानुसार घ्यावी. कामाच्या हस्तांतरणाचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. मॅनेजर अडवतो तो बहुतेक वेळा ‘मग हे काम कोण करणार’ या भीतीने. वीज केंद्राच्या कामात हे स्पष्ट दिसतं. संच दुरुस्तीसाठी बंद असतो तेव्हा कंत्राटदाराला एकही अनुभवी माणूस सोडायचा नसतो, आणि उन्हाळ्यात विजेची मागणी वाढलेली असताना संच बंद पडणं कोणालाच परवडत नाही. अशा वेळी ‘लवकर सोडा’ म्हणण्यापेक्षा ‘ओव्हरहॉलचं अमुक काम संपवून, अमुक सहकाऱ्याला दोन आठवडे सोबत घेऊन शिकवतो आणि मग निघतो’ असं सांगितलं तर होकार मिळण्याची शक्यता वाढते.

होकार मिळाला तरी तो लेखी घ्या. साहेब ‘जा, काही अडचण नाही’ म्हणतात आणि महिन्याभराने एचआर ‘आमच्याकडे मंजुरीच नाही’ म्हणतं, हा नेहमीचा घोळ आहे. शेवटच्या दिवसाची तारीख असलेला एचआरचा मेल येईपर्यंत नव्या कंपनीला तारीख पक्की कळवू नका.

कंपनी अडवून ठेवू शकते का?

कोणालाही जबरदस्तीने कामावर बसवून ठेवता येत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा अंमलात आणायला लावत नाही, ही भारतीय कायद्यातली जुनी भूमिका आहे. पण करार मोडल्याची भरपाई कंपनी मागू शकते. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ती वाजवी असावी लागते आणि करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही.

नोटीस आणि बाँड यांची गल्लत करू नका. ठरावीक वर्षं नोकरी करण्याचा बाँड असेल तर तो हिशोब वेगळा असतो. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे ‘बाँड कोर्टात टिकतच नाही’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला डोळे झाकून मानू नये.

वसुलीच्या रकमेवर कंपनीने १८ टक्के जीएसटी लावला असेल तर हरकत घ्या. केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही असं स्पष्ट केलं आहे. तसंच, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. पीएफची रक्कम कर्मचाऱ्याच्या खात्यातली असते, नोटीसच्या वादात कंपनी ती अडवू शकत नाही.

न सांगता निघून गेलं तर?

पगार जमा झाला की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद, असं काही जण करतात. याचा फटका नंतर बसतो. रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, गेटपास आणि साहित्य जमा केल्याचा नो ड्यूज राहून जातो आणि पुढच्या कंपनीची पडताळणी अडकते. पीएफमध्येही माग राहतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही आणि नवीन कंपनीचा पीएफ सुरू झाला, तर एकाच यूएएनवर दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसू शकतात. शेवटचं योगदान जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की ही तारीख कर्मचाऱ्याला ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. पण रिलीव्हिंग लेटर मात्र जुन्या कंपनीकडूनच घ्यावं लागतं.

उदाहरणातल्या इंजिनिअरसाठी यातून क्रम असा ठरतो. आधी कलम वाचून वसुलीचा आकडा काढायचा, मग नव्या कंपनीकडे तारीख किंवा बायआउट मागायचा, त्यांचं उत्तर लेखी आलं की राजीनामा द्यायचा आणि जुन्या कंपनीचा मेल आल्यावरच पुण्याचं तिकीट काढायचं. जुनी कंपनी १४ सप्टेंबरला नाही म्हणाली आणि १५ ऑक्टोबरला तयार झाली, तर कमी पडणारे दिवस ४५ वरून १४ वर येतात. बेसिकवर वसुली असेल तर ते १२,६०० रुपये होतात. नव्या कंपनीला एक महिना थांबायला राजी करणं हे त्यामुळे पैसे भरण्याइतकंच कामाचं ठरतं.