दख्खनच्या नऊ सत्ता, एक कागद आणि एकच प्रमाण

मध्ययुगीन दख्खनचा इतिहास आपण ज्या क्रमाने वाचतो, त्या क्रमाने तो घडलेला नाही. पुस्तकात बहमनी संपतात, मग इमादशाही, निजामशाही, आदिलशाही अशी प्रकरणे एकामागून एक येतात आणि शेवटी मुघल व मराठे. उजळणीच्या वहीतही हाच क्रम चौकटींच्या माळेसारखा उतरतो. प्रत्येक चौकट सारख्याच मापाची असल्याने ८४ वर्षे टिकलेली इमादशाही आणि १९६ वर्षे टिकलेली आदिलशाही डोळ्यांना सारखीच दिसते. पुढे परीक्षेत ‘समकालीन कोण?’ असा साधा प्रश्न आला की विद्यार्थी अडखळतो, कारण त्याच्या मनातल्या चित्रात हे राजवंश कधी एकमेकांशेजारी उभेच राहिलेले नसतात.

म्हणून आजच्या भागात समांतर ओळींची कालरेषा. साधा ए-फोर कागद आडवा धरावा. त्याची लांबी २९.७ सेंटिमीटर. डावीकडे नावांसाठी साडेतीन सेंटिमीटर सोडून पुढे २५ सेंटिमीटरची आडवी रेषा आखावी आणि एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष हे प्रमाण धरावे. रेषेच्या आरंभी १४९०, शेवटी १७४०. दर सेंटिमीटरला दशकाची खूण करावी. हे प्रमाण कागदभर एकच राहिले पाहिजे. सतराव्या शतकात घटना दाटीने येतात म्हणून तेवढाच भाग ताणण्याचा मोह होतो. पण तसे केले की पट्टीची लांबी काहीच सांगत नाही, आणि आपण पुन्हा चौकटींच्या माळेकडे येतो.

आता ओळी. प्रत्येक सत्तेला एक आडवी ओळ, साधारण दीड सेंटिमीटर उंच. त्यांचा क्रम ढोबळमानाने भूगोलाचा ठेवावा: वर मुघल, त्याखाली वऱ्हाडची इमादशाही, मग अहमदनगर, विजापूर, बिदरचे बहमनी आणि बरीद, गोवळकोंडा; तळाशी मराठे आणि आसफजाही. या क्रमाचा लाभ लगेच दिसतो. १५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही गिळली, ती दाखवणारा बाण फक्त एक ओळ खाली उतरतो. १६१९ मध्ये विजापूरने बिदर घेतले, तो बाणही लहानच राहतो. १५७४ नंतर इमादशाहीची ओळ रिकामी पडते. जागा वाचवण्यासाठी तिथे दुसरे नाव घालू नये. ती रिकामी जागा हीसुद्धा माहिती आहे.

पट्टी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबवायची, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे, आणि इथेच आकृती आपल्याला विचार करायला भाग पाडते. एका पुस्तकात १४८९, दुसऱ्यात १४९० दिसले तर घाबरू नये. मूळ कालगणना हिजरी. हिजरी ८९५ हे वर्ष १४८९ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १४९० च्या नोव्हेंबरात संपते. एक मिलिमीटरचा हा फरक पेन्सिलीच्या टोकातच जिरतो. गोवळकोंड्याचे मात्र तसे नाही. कुत्बशाहीचा आरंभ कुणी १५१२ देतो, कुणी १५१८. हे सहा मिलिमीटर दिसतात आणि दिसलेच पाहिजेत, कारण त्या काळात कुली कुत्बशाह व्यवहारात स्वतंत्र असला तरी बहमनी सुलतान महमूदशाह १५१८ पर्यंत हयात होता. अशा वेळी तुटक रेषा वापरावी. भरीव पट्टी म्हणजे प्रत्यक्ष सत्ता, तुटक म्हणजे नाममात्र किंवा वादग्रस्त. बहमनींची १५२७ पर्यंतची ३७ मिलिमीटर पट्टीही तुटकच येते.

निजामशाहीचा शेवट तर तीन ठिकाणी लिहिलेला सापडतो. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला; १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि सुलतान कैदेत गेला; १६३६ मध्ये शहाजीराजांनी गादीवर बसवलेला अखेरचा बालराजाही मुघलांच्या हाती गेला. १६०० ला पट्टी तोडली तर मलिक अंबरचा सबंध कालखंड कागदावरून नाहीसा होतो, म्हणून ती तारीख मला मान्य नाही. तिथे फक्त एक उभी खाच द्यावी, पट्टी १६३३ पर्यंत भरीव न्यावी आणि पुढचे तीन मिलिमीटर तुटक ठेवावेत. मुघलांची ओळही दुहेरी लागते: पानिपतच्या १५२६ पासून बारीक रेघ, आणि १५९६ मध्ये वऱ्हाड त्यांच्याकडे आल्यापासून जाड पट्टी. नाहीतर बाबर दख्खनमध्ये राज्य करीत होता असा भास होईल! मराठ्यांची पट्टी १६४० च्या दशकापासून तुटक आणि १६७४ च्या राज्याभिषेकापासून भरीव.

आता या कागदावर फूटपट्टी उभी धरून पाहू. आपल्या जालन्याचे उदाहरण घेऊ. १६७९ वर, म्हणजे आरंभापासून १८.९ सेंटिमीटरवर, ती ठेवली की चार भरीव पट्ट्या छेदल्या जातात: मुघल, आदिलशाही, कुत्बशाही, मराठे. त्या वर्षी दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला होता आणि आदिलशाहीचा कारभारी सिद्दी मसूद याने शिवाजी महाराजांकडे मदत मागितली होती. महाराज मुघल मुलखात शिरले आणि नोव्हेंबरात त्यांनी जालन्याची संपन्न पेठ लुटली. परतताना मुघल सरदार रणमस्तखानाने त्यांना गाठले. त्या झुंजीत सिधोजी निंबाळकर पडले आणि महाराज पट्टा किल्ल्यावर पोहोचले. सनावळीच्या यादीत ही ‘जालन्याची लूट’ एवढी एकाकी नोंद असते. उभ्या रेषेवर मात्र तिचे कारण वाचता येते: तिसऱ्या सत्तेवरचा दाब हलका करण्यासाठी एकाने दुसऱ्याच्या पेठेवर घाव घातला. ज्या आदिलशाहीशी महाराज आयुष्यभर लढले, तिच्याच मदतीसाठी हे घडले, हेही त्याच रेषेत दिसते.

फूटपट्टी थोडी उजवीकडे सरकवा. १६८६ ला विजापूर, १६८७ ला गोवळकोंडा. दोन पट्ट्या एका मिलिमीटरच्या अंतराने थांबतात. पुढचे ३७ मिलिमीटर कागदावर दोनच पट्ट्या उरतात. १४९० पासून इतका मोकळा भाग या कागदावर दुसरा नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये जालन्याशेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि तळाची आसफजाहीची पट्टी उगवली. बादशाहाचे नाव त्याने टाकले नाही, म्हणून मुघलांची जाड पट्टी तिथे संपवून पुढे तुटक न्यावी आणि खालची भरीव ठेवावी.

भोकरदन तालुक्यातील असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, म्हणजे या रेषेच्या टोकापासून ६.३ सेंटिमीटर पुढे. तिच्यासाठी दुसरा कागद चिकटवावा, दशकांच्या खुणा जुळवून आणि मिलिमीटरला एक वर्ष हेच प्रमाण ठेवून.